चीजच्या पाकिटावर ३३१, ३३९ लिहिलंय म्हणजे ते खरं चीज नाही का?

प्रश्न : दुकानातून चीजची दोन पाकिटं आणली. एक छोटा ब्लॉक आहे, त्यावर ‘चेडर’ लिहिलंय. दुसरं स्लाइसचं पाकीट आहे. त्यावरही ‘चेडर’ मोठ्या अक्षरांत आहे, पण खाली बारीक ‘प्रोसेस्ड’ आहे आणि मागे ‘इमल्सिफायर ३३१, ३३९’ असं काहीतरी. यातलं नैसर्गिक कोणतं हे लेबलवरून खात्रीने कसं ओळखायचं? आणि हे क्षार घालतात कशाला? मुलगी रोज एक स्लाइस खाते, तर काळजी करावी का?

उत्तर :

पुढची बाजू विसरा, पाकीट उलटं करा आणि घटकांच्या यादीतला पहिला शब्द वाचा. नैसर्गिक चीजची यादी ‘दूध’ या शब्दाने सुरू होते, प्रोसेस्ड चीजची यादी ‘चीज’ या शब्दाने. कारण साधं आहे. नैसर्गिक चीज दुधापासून करतात, तर प्रोसेस्ड चीज तयार चीजपासून. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिला घटकच तो पदार्थ कुठून निघाला हे सांगून टाकतो. काही कंपन्या ‘चीज’ लिहून कंसात त्या चीजचे घटक देतात, म्हणजे दूध, मीठ, दूध जमवणारं रेनेट वगैरे. तो कंस वाचून घोटाळा होऊ देऊ नका. कंसाबाहेर दुसरे घटक आहेत का ते पाहा.

तुमच्या ब्लॉकच्या मागे साधारण अशी यादी असेल : पाश्चराइज्ड गाईचं दूध, खाण्याचं मीठ, विरजण, मायक्रोबियल रेनेट, आणि रंग असलाच तर १६०ब. हा १६०ब म्हणजे अनाटो, एका झाडाच्या बियांचा केशरी रंग. इथे काम संपलं, हे नैसर्गिक चीज. ‘पाश्चराइज्ड’ आणि ‘प्रोसेस्ड’ हे शब्द ऐकायला जवळचे असले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला दुधाला दिलेल्या उष्णतेबद्दल बोलतो, दुसरा तयार चीज पुन्हा वितळवण्याबद्दल.

स्लाइसच्या मागे यादी साधारण अशी असते : चीज, पाणी, दुधाचे घनपदार्थ, इमल्सिफायर (३३१, ३३९), मीठ, आम्लता नियंत्रक (३३०), संरक्षक (२००), रंग (१६०ब). यातला कंसातला तो जोडआकडाच निकाल देतो. लक्षात ठेवायचे आकडे फार नाहीत. ३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट, ३३९ म्हणजे सोडियम फॉस्फेट, आणि ४५०, ४५१, ४५२ म्हणजे फॉस्फेटच्या लांब साखळ्यांचे प्रकार. सोडियम कमी केलेल्या चीजमध्ये त्यांच्या जागी पोटॅशियमचे जुळे भाऊ ३३२ आणि ३४० दिसतात. वितळवून करायच्या चीजमध्ये यांपैकी काहीतरी लागतंच. चेडर, गौडा, एमेंटालसारखं चीज दुधापासून करताना यांचं काहीच काम नसतं. म्हणून तुमची दोन पाकिटं ओळखायला पहिला शब्द आणि हे आकडे पुरेसे आहेत. स्लाइसवर मोठ्या अक्षरांतलं ‘चेडर’ खोटं असेलच असं नाही, वितळवलेलं चीज चेडरच असू शकतं. फक्त आता ते चेडर राहिलेलं नाही.

हे क्षार घालतात कशाला, ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की कायमचं कळतं. प्रयोग घरात होतो. शंभर ग्रॅम नैसर्गिक चेडर किसा, साठ मिली पाण्याबरोबर छोट्या कढईत घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. आधी ते लवचीक होतं, मग आकसायला लागतं. थोड्या वेळात कढईत तीन वेगळ्या गोष्टी दिसतात : मधे रबरासारखा ओढला जाणारा गोळा, त्याच्या कडेने पिवळं तूप, आणि खाली गढूळ पाणी. आच वाढवली तर गोळा अजून घट्ट होतो. ढवळून ते परत एकजीव होत नाही.

असं का होतं? चीजमधलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. दुधात रेनेट घातल्यावर केसीनचे कण एकमेकांना चिकटून जाळं तयार होतं, आणि त्या जाळ्यातल्या बऱ्याच गाठी कॅल्शियम फॉस्फेटच्या असतात. स्निग्धांशाचे थेंब या जाळ्याच्या घरांत अडकून बसतात. त्यांच्याभोवती स्वतःचं असं पक्कं कवच नसतं, जाळं आहे तोवरच ते जागेवर. तापवल्यावर जाळं आवळतं, थेंब बाहेर पिळले जातात आणि एकत्र येऊन तुपासारखे तरंगतात. कॅल्शियमच्या गाठी मारलेलं केसीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते त्या तुपाला सांभाळूही शकत नाही.

आता हाच प्रयोग सायट्रेट घालून करा. सोडियम सायट्रेट किराणा दुकानात सहसा मिळत नाही, पण लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिडचे खडे, आणि खायचा सोडा मिळतो. मोठ्या पातेल्यात दोनशे मिली पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवा आणि २४ ग्रॅम खायचा सोडा चिमटीचिमटीने घाला. एकदम टाकलात तर फेस पातेल्याबाहेर येईल. मग गरम करा, बुडबुडे पूर्ण थांबू द्या आणि आटलं असेल तेवढं पाणी घालून पुन्हा दोनशे मिली करा. या द्रावणाच्या वीस मिलीत साधारण पावणेतीन ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं, घरच्या काट्यावर एवढं थोडं वजन करायची कटकट वाचते.

कढईत हे वीस मिली आणि चाळीस मिली साधं पाणी घ्या, वाफ येईपर्यंत तापवा आणि तेच शंभर ग्रॅम किसलेलं चेडर मूठमूठ घालत ढवळा. या वेळी गोळा होत नाही, तूप सुटत नाही. दोन-तीन मिनिटांत चकचकीत, चमच्यावरून सलग ओघळणारा सॉस तयार होतो. तो वाटीत गार केला की सुरीने पावाला लावता येईल असा बसतो. तुम्ही आत्ता केलंत ते प्रोसेस्ड चीजच. साठ मिली पाणी धरलं तर त्यातली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि आपल्याकडच्या अन्न मानकांत प्रोसेस्ड चीज स्प्रेडची कमाल मर्यादा नेमकी साठ टक्के आहे. पाणी कमी केलंत तर ब्लॉकच्या जवळ जाल.

काय घडलं ते पाहा. सायट्रेट कॅल्शियमला घट्ट पकडतं आणि केसीनच्या गाठी सोडवतं. कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, आणि सोडियम जोडलेलं केसीन पाण्यात फुगतं, पसरतं. असं मोकळं झालेलं केसीन आपणहून स्निग्धांशाच्या थेंबांभोवती पातळ आवरण करतं आणि त्यांना वेगवेगळं ठेवतं. म्हणजे तूप आणि पाणी सांधणारा खरा इमल्सिफायर हे केसीनच आहे. क्षार फक्त त्याला कॅल्शियमच्या तावडीतून सोडवतो. लेबलवर ‘इमल्सिफायर’ असं लिहिलेलं असतं तेव्हा हा फरक बुजतो, म्हणून ‘इमल्सिफायिंग सॉल्ट’ हे नाव जास्त प्रामाणिक. काही पाकिटांवर तेही छापलेलं दिसेल. आइस्क्रीम किंवा ब्रेडमधला ४७१ हा मात्र खराखुरा इमल्सिफायर आहे, त्याचं या कुळाशी नातं नाही.

कॅल्शियम पकडण्याचा हाच गुण इतरत्रही वापरला जातो. रक्तपेढीच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं, कारण गोठायला कॅल्शियम लागतं. जुलाब झाल्यावर घेतो त्या ओआरएसमध्ये एका लिटरला २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं, तिथे मात्र त्याचं काम शरीरातली आम्लता सावरण्याचं आहे. त्यामुळे ३३१ हा आकडा पाहून दचकायचं कारण नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावात वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी एमेंटाल चीज टिकाऊ करण्यासाठी पहिल्यांदा वापरला तोही सायट्रेटच.

मग कंपन्या एका क्षारावर का थांबत नाहीत? सायट्रेटने चीज छान वितळतं, पण मिश्रण तुलनेने सैल राहतं. फॉस्फेट, विशेषतः लांब साखळीची, केसीनला जास्त फुगवतात आणि पोत घट्ट, कापायला नेटका होतो, बदल्यात वितळणं कमी होतं. कारखान्यात ७० ते ९५ अंशांवर काही मिनिटं ढवळताना या दोघांच्या प्रमाणाने ठरतं की स्लाइस बर्गरवर पसरेल की तुकडा भाजीत टाकल्यावरही आकार धरून राहील. शिवाय हे क्षार आम्लताही हलवतात. आम्लता मोजायचा आकडा म्हणजे पीएच, आंबटपणा वाढला की तो खाली जातो. चेडरचा पीएच साधारण ५.१ ते ५.३ असतो, प्रोसेस्ड ब्लॉकला ५.४ ते ५.८ लागतो. तो खूप खाली राहिला तर चीज भुसभुशीत होतं आणि तूप सुटतं. खूप वर गेला तर मऊ, साबणासारख्या चवीचं होतं आणि जंतूंना सोयीचं होतं. यादीतलं सायट्रिक अॅसिड, म्हणजे ३३०, हा पीएच पुन्हा खाली आणून जागेवर बसवायला असतं.

इथेच लेबल वाचणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक होते. ३३० आणि ३३१ शेजारशेजारचे आकडे आहेत, पण अर्थ वेगळा. विरजणाच्या ऐवजी सायट्रिक अॅसिड घालून दूध आंबट करून केलेलं मोझरेला पूर्णपणे नैसर्गिक असतं. त्याच्या यादीत दूध, मीठ, रेनेट आणि ३३० असेल. नुसतं ३३० पाहून त्याला प्रोसेस्ड म्हणू नका. याउलट ‘पिझ्झा चीज’ किंवा किसलेल्या मोझरेलाच्या पाकिटावर ३३१ किंवा ३३९ दिसलं, आणि यादी ‘चीज’ने सुरू होत असली, तर ते वितळवून पुन्हा घडवलेलं आहे, नाव काहीही असो.

किसलेल्या नैसर्गिक चीजमध्ये ४६० म्हणजे सेल्युलोज किंवा थोडं स्टार्च असतं, कीस चिकटू नये म्हणून. पृष्ठभागावर बुरशी येऊ नये म्हणून २३५ म्हणजे नॅटामायसिन असतं. दूध चांगलं जमावं म्हणून ५०९ म्हणजे कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असू शकतं, आणि ते तर इमल्सिफायिंग सॉल्टच्या अगदी उलट दिशेचं काम करतं. क्रीम चीजमध्ये डिंक असतात, म्हणजे ४१० किंवा ४१२. यांपैकी कशानेही चीज प्रोसेस्ड ठरत नाही.

आकड्यांनीही शंका राहिली तर पोषणतक्त्यातले दोन आकडे मदतीला येतात. पहिला स्निग्धांश. आपल्या मानकांत चेडरमध्ये आर्द्रता ३९ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि कोरड्या भागात दुधाचा स्निग्धांश किमान ४८ टक्के लागतो. म्हणजे शंभर ग्रॅम चेडरमध्ये कोरडा भाग किमान ६१ ग्रॅम, त्यातला स्निग्धांश २९ ग्रॅमच्या पुढे. प्रोसेस्ड चीजमध्ये आर्द्रता ४७ टक्क्यांपर्यंत चालते आणि कोरड्या भागात ४० टक्के स्निग्धांश पुरतो, म्हणजे शंभर ग्रॅमला २१ ग्रॅमच्या आसपास. पाकिटावर २३ ग्रॅम फॅट लिहिलेलं असेल तर पुढे ‘चेडर’ किती का मोठं असेना, आतला पदार्थ चेडरच्या मानकात बसत नाही.

दुसरा आकडा सोडियमचा, आणि तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. नैसर्गिक चेडरमध्ये शंभर ग्रॅमला साधारण ६०० ते ६५० मिलिग्रॅम सोडियम असतं. समजा स्लाइसच्या पाकिटावर १३०० लिहिलंय. हा दुपटीचा आकडा कुठून येतो ते मांडून पाहू. शंभर ग्रॅम स्लाइसमध्ये सत्तर ग्रॅम चीज धरलं तर त्याच्यासोबत ४३० मिलिग्रॅम सोडियम आलं. इमल्सिफायिंग सॉल्ट अडीच ग्रॅम धरा. सोडियम सायट्रेटच्या वजनात साधारण २३ टक्के सोडियम असतं, म्हणजे त्यातून जवळपास ५९० मिलिग्रॅम. एकूण १०२०. उरलेले २८० मिलिग्रॅम वरून घातलेल्या पाऊण ग्रॅमपेक्षा थोड्या कमी मिठातून. म्हणजे जवळजवळ निम्मं सोडियम खारट लागतच नाही, कारण ते मिठातलं नाही. म्हणून स्लाइस चाखून ‘फार खारट नाही’ असं वाटतं आणि अंदाज चुकतो.

वीस ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये असं २६० मिलिग्रॅम सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलं आहे, लहान मुलांसाठी ते त्यांच्या ऊर्जेच्या गरजेनुसार आणखी कमी धरायचं. निरोगी मुलीने दिवसाला एक स्लाइस खाल्ली तर त्यात काळजीचं काही नाही. मात्र त्या स्लाइसबरोबर ब्रेड, लोणी, सॉस आणि संध्याकाळी फरसाण असेल तर बेरीज करा, सोडियम स्लाइसमध्ये एकटं येत नाही.

फॉस्फेटबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती लेबलवर आकड्यात दिसत नाही. दुधात, डाळीत जो फॉस्फरस असतो तो आतड्यातून अर्धवटच शोषला जातो. क्षाराच्या रूपात घातलेलं फॉस्फेट बरंच जास्त शोषलं जातं. धडधाकट मूत्रपिंड जास्तीचं बाहेर टाकतं. पण घरात कुणाला मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, डायलिसिस चालू असेल, तर ३३९, ३४०, ४५०, ४५१, ४५२ हे आकडे असलेलं चीज त्यांच्या ताटात नको, आणि इतर चीज किती खायचं तेही त्यांच्या आहारतज्ज्ञांनाच विचारा. यादीत फक्त ३३१ असेल तर त्यातून जादा फॉस्फेट येत नाही, सोडियम मात्र येतंच.

आणखी एक आकडा नव्हे तर शब्द शोधा : ‘वनस्पती तेल’, ‘पाम तेल’ किंवा ‘अॅनालॉग’. तो दिसला तर नैसर्गिक की प्रोसेस्ड हा वादच उरत नाही, कारण दुधाचा स्निग्धांश काढून तिथे दुसरं तेल आलेलं आहे आणि त्या पदार्थाला नुसतं ‘चीज’ म्हणता येत नाही. प्रोसेस्ड चीज हे दुधाचंच असतं, त्याला नकली म्हणणं बरोबर नाही. नकली शब्द या तिसऱ्या जातीसाठी राखून ठेवा.

पाकीट फेकून दिलं असेल तर ताटातल्या तुकड्यावरून अंदाज घेता येतो, पण तो अंदाजच. कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवल्यावर तुकडा कडेने तूप सोडून पसरला, उचलल्यावर ताणला गेला, कडा कुरकुरीत झाल्या, तर बहुधा नैसर्गिक. तूप न सोडता गुळगुळीत मऊ झाला, ताण न देता तुटला, तर बहुधा प्रोसेस्ड. खूप मुरलेलं चेडरही ताणलं जात नाही, तेव्हा ताणावर भरवसा ठेवू नका, तूप सुटतं का ते पाहा. पृष्ठभागावर पांढरे कण दिसले तरी फसाल : मुरलेल्या चेडरवर ते कॅल्शियम लॅक्टेटचे असतात आणि निरुपद्रवी असतात. प्रोसेस्ड चीजमध्ये तसेच कण क्षार जास्त झाल्यामुळे किंवा नीट न विरघळल्यामुळे पडतात, दाताखाली वाळूसारखे लागतात.

दोन्ही पाकिटं घरात आहेत तर एक उपयोग सांगतो. पास्त्यासाठी चीज सॉस करताना चेडर फाटत असेल तर शंभर ग्रॅम चेडरमागे दोन स्लाइस तुकडे करून आधी थोड्या गरम दुधात विरघळवा आणि मग चेडर घाला. स्लाइसमधल्या सायट्रेटचा आणि मोकळ्या झालेल्या केसीनचा आधार चेडरलाही मिळतो आणि चव चेडरचीच राहते. सॉस तरीही कडेने तूप सोडायला लागला तर आच लगेच बंद करा, चमचाभर थंड दूध घालून जोरात घोटा आणि गरज पडली तर तिसरी स्लाइस टाका. वेगळं मीठ चव पाहिल्याशिवाय घालू नका.